ए अधिक सी भागिले दोन म्हणजे बी नव्हे

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेच्या मदत-निधीतून एका विद्यार्थ्याची पदव्युत्तर प्रवेशाची फी भरायची होती. निधी वस्तीतल्या वर्गणीचा, म्हणजे कुणाच्या घरकामाच्या पगारातून, कुणाच्या रिक्षाच्या गल्ल्यातून आलेला. अर्ज बरेच आले आणि शेवटी दोन उरले. एक मुलगी, एक मुलगा. दोघं एकाच कॉलेजचे, एकाच वर्गातले. शेवटच्या सत्राला दोघांचे तेच सहा पेपर, प्रत्येक पेपर चार श्रेयांकांचा. घरची परिस्थिती सारखीच. मग आम्ही शेवटच्या सत्राचा एसजीपीए बघितला. मुलाचा ८.३३, मुलीचा ८.००. पाच मिनिटांत बैठक संपली आणि फी मुलाला गेली.

पंधरा दिवसांनी ती मुलगी अभ्यासिकेत आली. भांडायला नाही आली. तिच्या हातात दोन मार्कशीट होत्या, एक तिची आणि दुसरी त्या मुलाचीच, त्यानेच दिलेली. म्हणाली, "दादा, एकदा दोघांच्या मार्कांची बेरीज करून बघा."

आम्ही केली. तिचे मार्क ७८, ७९, ६९, ६८, ५९, ५८. बेरीज ४११, म्हणजे ६८.५ टक्के. त्याचे मार्क ८१, ८०, ६१, ६०, ५६, ५५. बेरीज ३९३, म्हणजे ६५.५ टक्के. सहाशेपैकी अठरा मार्क तिला जास्त होते आणि आमच्या कागदावर ती मागे होती.

यात विद्यापीठाने कोणतीही चूक केलेली नव्हती. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, गुणपत्रकही बरोबर. चूक होती ती अक्षरांना आकडे समजून त्यांची सरासरी काढण्यात, आणि त्या सरासरीवर डोळे झाकून शिक्का मारण्यात. शिक्का आम्ही मारला होता. म्हणून हा लेख आधी आमच्यासाठी आहे, मग तुमच्यासाठी.

हे घडलं कसं ते आधी नीट बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाने निवड-आधारित श्रेयांक पद्धत आणली तेव्हा दहा गुणांची एक पट्टी दिली. ओ म्हणजे १०, ए+ म्हणजे ९, ए म्हणजे ८, बी+ म्हणजे ७, बी म्हणजे ६, सी म्हणजे ५, पी म्हणजे ४ आणि एफ म्हणजे ०. प्रत्येक पेपरच्या अंकाला त्या पेपरच्या श्रेयांकाने गुणायचं, बेरीज करायची, एकूण श्रेयांकांनी भागायचं आणि उत्तर दोन दशांशांपर्यंत लिहायचं. हा झाला एसजीपीए. सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीए.

पण कोणत्या मार्कांना कोणतं अक्षर द्यायचं, हे विद्यापीठागणिक ठरतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालणारी एक पट्टी अशी आहे: ८० आणि त्यावर ओ, ७० ते ७९ ए+, ६० ते ६९ ए, ५५ ते ५९ बी+, ५० ते ५४ बी, ४५ ते ४९ सी, ४० ते ४४ पी, त्याखाली एफ. आमच्या दोन्ही अर्जदारांची मार्कशीट याच पट्टीची होती. तिचे पेपर म्हणजे दोन ए+, दोन ए, दोन बी+. अंक ९, ९, ८, ८, ७, ७, सरासरी ८. त्याचे दोन ओ, दोन ए, दोन बी+. अंक १०, १०, ८, ८, ७, ७, सरासरी ८.३३. ती प्रत्येक खान्याच्या वरच्या कडेला उभी होती आणि तो खालच्या कडेला. तिचे ७९ आणि त्याचे ८० यांच्यात एका मार्काचं अंतर, पण पट्टीने ते एक अख्खा अंक मोजलं. तिचे ६९ आणि त्याचे ६१ यांच्यात आठ मार्कांचं अंतर, पण ते पट्टीने शून्य मोजलं.

आता ती पट्टी पुन्हा एकदा वाचा आणि खान्यांची रुंदी बघा. ओ चा खाना ८० ते १०० असा ऐसपैस. ए+ आणि ए दहा-दहा मार्कांचे. बी+, बी, सी, पी पाच-पाच मार्कांचे. रुंदी अशी वेगवेगळी असताना वरपासून पी पर्यंत प्रत्येक पायरीची किंमत मात्र एकच अंक. एखादा मुलगा ५० वरून ५५ वर गेला तर त्याला एक अंक मिळतो, आणि दुसरा ६० वरून ६९ वर गेला तर काहीच मिळत नाही.

आपल्या घरांत पूर्वी मडक्यांची उतरंड असायची. खाली मोठा रांजण, वर लहान लहान होत जाणारी मडकी, सगळ्यांत वर गाडगं. कोणतं मडकं कोणाच्या वर आहे हे लांबूनही सांगता येतं. पण "वरून तिसरं मडकं" एवढं ऐकून ते जमिनीपासून किती उंचावर आहे हे सांगता येईल का? मडकी मोजून उंची कळत नाही, कारण मडकी सारखी नाहीत. श्रेणीची अक्षरं अशीच आहेत. ए हे बी च्या वर आहे, बी हे सी च्या वर आहे, एवढंच ती खरं सांगतात. ए आणि बी मधलं अंतर बी आणि सी मधल्या अंतराएवढं आहे, असं अक्षर कुठेही म्हणत नाही. ते आपण म्हणतो, ज्या क्षणी ८, ६, ५ असे आकडे लिहून बेरजेचं चिन्ह काढतो त्या क्षणी.

मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली 'सायन्स' या नियतकालिकात मोजमापाच्या पट्ट्यांचे चार प्रकार सांगितले. काही आकडे फक्त नावापुरते असतात, जसा बसचा नंबर. काही फक्त क्रम सांगतात, जसा शर्यतीतला पहिला, दुसरा, तिसरा. काहींत दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं असतं, जसं थर्मामीटर. आणि काहींत खरं शून्य असतं, जसं वजन. बेरीज-भागाकार करून काढलेल्या सरासरीला अर्थ यायचा तर निदान अंतरं सारखी हवीत. नुसत्या क्रमाच्या आकड्यांची सरासरी काढायला कॅल्क्युलेटर हरकत घेत नाही, पण उत्तर कशाचं आहे हे कुणाला सांगता येत नाही. शर्यतीत पहिला आणि तिसरा आलेल्यांची सरासरी "दुसरा" येते. पण दुसरा आलेला धावपटू त्या दोघांच्या बरोबर मध्ये होता का, की पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून? क्रमांकावरून कळत नाही.

इथे कुणी म्हणेल की श्रेणीपद्धत आणलीच कशाला, मार्क होते तेच बरे होते. आम्ही असं म्हणत नाही. श्रेणीमागे एक शहाणपण होतं. ६७ मार्कांचा मुलगा ६६ वाल्यापेक्षा खरंच हुशार असतो का? तपासणारा बदलला, किंवा तोच तपासणारा जेवणानंतर बसला, तरी दोन-चार मार्क इकडचे तिकडे होतात. तेव्हा एकेका मार्काचा खोटा नेमकेपणा सोडा आणि मोठे खाने करा, हा विचार चुकीचा नाही. चूक पुढची आहे. खाने केल्यावर त्याच खान्यांना आकडे लावले, सरासरी काढली आणि ती ८.३३ अशी दोन दशांशांनी छापली. पुढच्या दाराने घालवलेला खोटा नेमकेपणा मागच्या दाराने घरात आला, आणि आता तर त्याच्या अंगावर विद्यापीठाचा शिक्का आहे.

नापासाच्या शून्याबद्दल थोडक्यात. पी म्हणजे ४ आणि त्याच्या खाली थेट ०. मधल्या तीन पायऱ्या गायब. ४० मार्कांना ४ अंक, ३९ मार्कांना ०. म्हणजे एका मार्काची किंमत चार अंक, जेवढी किंमत पुढे पी पासून ए पर्यंत चढायला पडते. आणि ३९ मार्कांचा एफ, ५ मार्कांचा एफ आणि परीक्षेलाच न बसलेला, तिघांचा अंक एकच. हा शून्य मोजमापाचा नाही, तो दंड आहे. दंड करायचा तर करा, पण दंड आणि मोजमाप यांची एकत्र सरासरी काढू नका. एरवी पुन्हा बसून पेपर सुटला की हा शून्य निघून जातो. तो मध्येच कुणी हिशोबात धरला, जसा शिष्यवृत्तीच्या अर्जात अनेक जण धरतात, तर खेळ बिघडतो.

आता येऊ जिथे हे प्रकरण आपल्या मुलांच्या गळ्याशी येतं तिथे, म्हणजे टक्केवारीच्या अटींकडे.

नेट परीक्षेला पदव्युत्तर पदवीत खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांगांना ५०. तिथे ५४.९ चे ५५ करून चालत नाहीत. परदेशी शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीला ६० टक्के किंवा समतुल्य श्रेणी लागते. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेतही ५५ टक्के "किंवा समतुल्य श्रेणी" असं लिहिलेलं आहे, आणि आपल्याला पाच टक्क्यांची सवलत. सगळं गाडं त्या "समतुल्य" शब्दावर अडतं. समतुल्य कोणी ठरवायचं आणि कसं?

एक सीजीपीए घेऊ, ६.२. कोणी सांगतो दहाने गुणा, म्हणजे ६२ टक्के. कोणी सांगतो ९.५ ने गुणा, म्हणजे ५८.९. हा ९.५ चा आकडा मुळात सीबीएसईच्या दहावीसाठी होता. ९१ ते १०० मार्क मिळवणाऱ्या मुलांचे आधीच्या वर्षांतले मार्क घेतले, त्यांची सरासरी ९५ च्या आसपास आली, तिला १० ने भागलं, झाला ९.५. म्हणजे शिडीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभ्या असलेल्यांवरून काढलेला गुणक खालच्या सगळ्या पायऱ्यांना लावला. तो आज पदवीच्या मुलांच्या गळ्यातही बांधला जातो. तिसरा हिशोब अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या हस्तपुस्तिकेतल्या तक्त्याचा आहे. तिथे ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५. त्या चालीने ६.२ चे होतात ५४.५.

एकच विद्यार्थी, एकच सीजीपीए. एका खिडकीवर ६२ टक्क्यांनी परदेशी शिष्यवृत्तीला पात्र, दुसऱ्या खिडकीवर ५८.९ म्हणून अपात्र, तिसऱ्या खिडकीवर ५४.५ म्हणून खुल्या प्रवर्गात नेटलासुद्धा अपात्र. यात त्याने पेपरात काय लिहिलं याचा कुठेच संबंध आला नाही.

बरं, यातलं खरं कोणतं? वरच्या पट्टीवरच तपासू. समजा पाच सारख्या श्रेयांकांचे पेपर आहेत. एका मुलीला एक बी+ आणि चार बी. अंक ७ आणि चार वेळा ६, बेरीज ३१, सरासरी ६.२. तिचे मार्क कमीत कमी किती असतील? एका पेपरात ५५, चारांत ५०, म्हणजे ५१ टक्के. जास्तीत जास्त? ५९ आणि चार वेळा ५४, म्हणजे ५५ टक्के. दुसऱ्या मुलाला एक ओ, एक ए+ आणि तीन पी. अंक १०, ९, ४, ४, ४, बेरीज पुन्हा ३१, सरासरी पुन्हा ६.२. त्याचे मार्क कमीत कमी ५४ टक्के, जास्तीत जास्त ६२.२ टक्के. म्हणजे याच पट्टीवर ६.२ या एका आकड्याच्या पोटात ५१ पासून ६२ पर्यंत काहीही असू शकतं. दहाने गुणणं, ९.५ ने गुणणं, तक्ता बघणं, या तिन्हींत एका सीजीपीएला एकच टक्केवारी मिळते. खान्यांची रुंदी वेगवेगळी असताना अशी एकच टक्केवारी असू शकत नाही, मग गुणक कोणताही घ्या.

आता पाच टक्क्यांची सवलत. हा मुद्दा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि यावर बोलताना आम्हाला फारसं कुणी दिसत नाही. टक्क्यांत बघितलं तर ५५ ची अट ५० वर येते. आता हे अक्षरांत बघा. बी+ सुरू होतो ५५ ला, बी सुरू होतो ५० ला. म्हणजे या पट्टीवर पाच टक्क्यांची सवलत म्हणजे पूर्ण एक अक्षर, पूर्ण एक अंक. सगळ्या पेपरांत ५५ मिळवणाऱ्याचा सीजीपीए ७, सगळ्या पेपरांत ५० मिळवणाऱ्याचा ६. पण कार्यालयातला कुणी जर "दहा अंक म्हणजे शंभर टक्के, तेव्हा पाच टक्के म्हणजे अर्धा अंक" असा हिशोब करून ७ ची अट ६.५ वर आणून थांबला, तर सहाही पेपरांत ५२-५३ मार्क मिळवून हक्काने पात्र असलेली आपली मुलगी बाहेर पडते. तिचा सीजीपीए ६.०. नियमाने दिलेली सवलत अर्धीच तिच्यापर्यंत पोचली आणि उरलेली अर्धी भागाकारात विरली. यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. हेतू नसताना झालेलं नुकसानही नुकसानच असतं, आणि त्याविरुद्ध लढायचं तर घोषणेआधी हिशोब मांडावा लागतो.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की ही चूक दर वेळी आपल्या विरुद्धच जाते असं नाही. वरच्या पट्टीवर दहाने गुणलं की मधल्या फळीतल्या बहुतेकांचे टक्के फुगतात. एक बी+ आणि चार बी वाली मुलगी ६२ टक्क्यांची ठरते, तेव्हा ती तक्रार करत नाही. पण फुगलेला आकडा पुढच्या दारात, दुसऱ्या विद्यापीठात किंवा कागदपत्रांच्या पडताळणीत फुटतो, आणि तेव्हा प्रवेश झालेला असतो, गाव सोडलेलं असतं.

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. चाळीस-पन्नास पेपरांची सरासरी काढली की कडेचे हे घोळ बरेचसे एकमेकांना खातात. कुठे ७९ ने नुकसान होतं, कुठे ८० ने फायदा. ढोबळ चित्र चुकत नाही. ९ सीजीपीए वाला आणि ६ सीजीपीए वाला यांच्यात कोणाचे मार्क जास्त, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण निवड समित्या भांडतात ते ९ आणि ६ वरून नाही. त्या भांडतात ८.३३ आणि ८.०० वरून, ६.४९ आणि ६.५० वरून. नेमकं तिथेच हे मोजमाप आंधळं आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना संकोच वाटतो. मार्क उपलब्ध असतील तर मार्कच घ्या. श्रेयांकांनी गुणा, बेरीज करा, भागा, आणि अक्षर लावायचंच असेल तर सगळ्यांत शेवटी एकदाच लावा. अक्षर लावून मग सरासरी काढणं म्हणजे प्रत्येक भाजीचं वजन आधी अंदाजाने पूर्ण किलोत धरून मग बिल करणं. पुष्कळ विद्यापीठांच्या मार्कशीटवर अक्षराशेजारी मार्क छापलेले असतात. आमच्या अर्जदारांच्याही होते. आम्ही फक्त तळाचा एसजीपीए वाचला. आणि हे नीट ऐका, आमच्या त्या प्रकरणात अक्षरांवर चालणारी कोणतीही युक्ती आम्हाला वाचवू शकली नसती. नुसती अक्षरं बघितली तर दोन ए, दोन बी+ दोघांना सारखे, आणि तिच्या दोन ए+ समोर त्याचे दोन ओ. अक्षरांत तो पुढेच होता. सत्य खान्यांच्या आत होतं, आणि तिथे फक्त मार्कच पोचतात.

मार्क नसतीलच, हातात फक्त अक्षरं असतील, तर त्यांची बेरीज न करता मोजणी करा. ओ किती, ओ किंवा ए+ किती, ए पर्यंत किती, बी+ पर्यंत किती, असं वरून खाली मोजत या. दोन अर्जदारांपैकी एक जण प्रत्येक पायरीवर बरोबरीने किंवा पुढे असेल आणि निदान एका पायरीवर पुढे असेल, तर अक्षरांना तुम्ही कोणतेही चढते आकडे द्या, तोच पुढे राहील. हा निर्णय आकड्यांच्या लहरीवर अवलंबून नाही. पण एका पायरीवर हा पुढे आणि दुसऱ्या पायरीवर तो पुढे असं झालं, तर समजा की अक्षरं निकाल द्यायला नकार देत आहेत. त्यांच्याकडून जबरदस्तीने निकाल काढू नका. मुलाखत घ्या, काम बघा, गरज बघा.

ही जबरदस्ती कशी ओळखायची त्याची एक चाचणी आहे, कागदावर दोन मिनिटांत होते. तीन पेपर घेऊ. एकाला ए, ए, बी+ आणि दुसरीला ओ, बी, बी. आयोगाच्या अंकांनी पहिल्याचे ८, ८, ७, सरासरी ७.६७, आणि दुसरीचे १०, ६, ६, सरासरी ७.३३. पहिला पुढे. आता अक्षरांना अंकांऐवजी त्यांच्या खान्याची खालची कड द्या. ओ ला ८०, ए ला ६०, बी+ ला ५५, बी ला ५०. पहिल्याचे ६०, ६०, ५५, सरासरी ५८.३. दुसरीचे ८०, ५०, ५०, सरासरी ६०. दुसरी पुढे! दोन्ही आकडे-वाटप अक्षरांचा क्रम पाळतात, दोन्ही तितकेच योग्य किंवा तितकेच मनमानी आहेत. आकडे बदलले की क्रम उलटतो, याचा अर्थ तो क्रम त्या दोघांनी केलेल्या अभ्यासाचा नव्हता, आपण निवडलेल्या आकड्यांचा होता. कोणत्याही समितीच्या बैठकीत ही चाचणी मागायला लाजू नका.

एकच आकडा, नाहीतर एकच अक्षर सांगायची वेळ आली तर मध्यक सांगा. सगळी अक्षरं वरून खाली ओळीने मांडायची आणि मधलं उचलायचं. पेपरांचे श्रेयांक वेगळे असतील तर जितके श्रेयांक तितक्या वेळा ते अक्षर मांडायचं. पाच पेपरांत पाचही ए असलेल्याचा मध्यक ए. तीन ओ आणि दोन सी असलेल्याचा मध्यक ओ. आयोगाच्या अंकांनी या दोघांची सरासरी अगदी सारखी, ८.००. सरासरीने दोघांना एका साच्यात घातलं, मध्यकाने वेगळं दाखवलं. मध्यकाला अंतरं लागत नाहीत, क्रम पुरतो. बालिन्स्की आणि लाराकी या दोन गणितज्ञांनी मतदानाची एक आख्खी पद्धतच यावर उभी केली आहे. मतदार उमेदवारांना श्रेण्या देतात आणि निकाल मध्यकाने लागतो. पण मध्यकही काही लपवतो. तीन ओ वाल्याचे ते दोन सी त्यात दिसतच नाहीत, ते दोन एफ असते तरी मध्यक ओच आला असता. म्हणून मध्यकाशेजारी सगळ्यांत खालचं अक्षर लिहा. "मध्यक ओ, तळ सी" एवढं वाचलं की माणूस डोळ्यांसमोर येतो. ८.०० वाचून येत नाही.

टक्केवारीच्या अटीसाठी मात्र मध्यक चालणार नाही, कार्यालय टक्के मागतं. तिथे आपल्या विद्यापीठाने लेखी दिलेलं रूपांतर सूत्र आणि त्याचं प्रमाणपत्र अर्जाला जोडा, आणि मार्क असतील तर त्यांचीच प्रमाणित टक्केवारी मागा. नेटवर सापडलेला गुणक वापरून अर्जात स्वतःच आकडा भरू नका. विद्यापीठाचं सूत्र आणि भरती करणाऱ्याचं सूत्र वेगळं निघालं, तर कोणतं लागू आहे हे अर्जाची मुदत संपण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सवलतीची अट अंकांत दिली असेल तर एकच प्रश्न विचारा: ५५ टक्क्यांना कोणता अंक धरलात आणि ५० टक्क्यांना कोणता? दोन्ही उत्तरं एकाच पट्टीवरून आलेली असली पाहिजेत.

आमच्या अभ्यासिकेचं म्हणाल तर त्या मुलीच्या फीसाठी पुन्हा वस्तीत फिरलो. लोकांनी विचारलं, परवाच तर दिले होते ना पैसे. आम्ही चूक सांगितली. एका मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, मार्क लिहिले होते तर वाचले का नाहीत?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. निधीच्या अर्जात आता सीजीपीएचा रकाना नाही. त्या जागी प्रत्येक पेपरचे श्रेयांक, मार्क आणि अक्षर असे तीन रकाने आहेत, आणि बेरीज आम्ही सगळे मिळून अर्जदारासमोर करतो.